एक जाळी, एक आकडा आणि एक लाल ठिपका

परवा रात्री भाच्याचा फोन आला. पुण्यातच एका डिझाइन ऑफिसात लागलाय, वर्ष झालं असेल. "आत्या, एक रिपोर्ट पाठवलाय, जरा नजर टाकतेस का?" मी टाकली. वीस पानांचा सुरेख रिपोर्ट. पहिल्या पानावर कंपनीचा लोगो, मग निळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगात न्हालेला एक ब्रॅकेट, त्याच्या भोकाच्या कडेला एक लाल ठिपका, ठिपक्याला बाण आणि बाणाच्या टोकाशी आकडा. खाली ठळक अक्षरात "सेफ".

मी एवढंच विचारलं, "जाळी अर्धी केल्यावर हा आकडा किती होतो?"

तो म्हणाला, "केलीच नाही अगं. मेश साइझ आमच्या स्टँडर्डप्रमाणेच आहे, 5 मिलिमीटर. सरांना विचारलं होतं, तर म्हणाले क्लायंटने मागितलंय का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. अतिशयोक्ती नाही, खरंच लागली नाही, कारण हेच वाक्य मी वीसेक वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. म्हणून हे लिहितेय. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींनी आणि नेहमी "तुझं ऑफिसमधलं काही कळत नाही बाई" म्हणणाऱ्या काकूनेही वाचावं. गणित फारसं नाही.

आधी हा प्रकार काय ते सांगते. लोखंडाच्या तुकड्यावर भार आला की आत कुठे किती ताण येतो हे अवघड आकाराच्या वस्तूत हाताने काढता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर त्या वस्तूचे हजारो छोटे तुकडे करतो. त्या तुकड्यांना एलिमेंट म्हणायचं, त्यांच्या कोपऱ्यांना नोड, आणि सगळ्या मिळून झालेल्या जाळीला मेश. प्रत्येक नोड भाराखाली किती सरकला ते तो शोधतो. ताण मात्र थेट शोधत नाही. शेजारचे नोड एकमेकांच्या तुलनेत किती सरकले, त्यावरून तो मागाहून काढतो. त्यामुळे "वस्तू एकूण किती वाकली" हे उत्तर ओबडधोबड जाळीतही बऱ्यापैकी बरोबर येतं, पण ताणाचं उत्तर मागे रेंगाळतं. हे लक्षात ठेवा, कारण "डिफ्लेक्शन टेस्टशी जुळलं, म्हणजे स्ट्रेसही बरोबरच" हा युक्तिवाद मी आजवर किती मीटिंगांत ऐकलाय त्याला गणती नाही.

आता जाळीच्या आकाराने नेमकं काय बिघडतं? यासाठी एक असं उदाहरण घेऊ ज्याचं खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. रुंद पट्टी, मधोमध गोल भोक, दोन्ही बाजूंनी ओढलेली. याचं उत्तर कीर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1898 मध्येच काढून ठेवलंय: भोकाच्या कडेला ताण बरोब्बर तिप्पट होतो. पट्टीत लांबवर 80 मेगापास्कल असेल तर कडेला 240. पण हा तिपटीचा कडा फार उभा आहे. कडेपासून त्रिज्येच्या एक चतुर्थांश आत गेलं की तिपटीचे 1.93 पट उरतात, अर्धी त्रिज्या आत गेलं की 1.52. म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाच्या भोकापासून जेमतेम 5 मिलिमीटर सरकलं की ताण अर्ध्यावर आलेला असतो.

कोकणातल्या डोंगरउतारावरची भातखाचरं आठवा. उतार सलग असतो, पण प्रत्येक खाचर सपाट. सगळ्यात साधा एलिमेंट, म्हणजे चार नोडांचा टेट्रा, हा असाच सपाट असतो. त्याच्या पोटात ताणाचा एकच आकडा मावतो. ज्या उतारावर तो बसलाय त्याची साधारण सरासरी तो सांगतो, आणि शिखराला लागून असलेल्या खाचराची सरासरी म्हणजे शिखराची उंची नव्हे.

किती फरक पडतो ते कागदावर काढून बघा, मी काढलंय. भोकाची त्रिज्या 10 मिलिमीटर, लांबचा ताण 80, कडेला लागून 5 मिलिमीटरचा एक सपाट एलिमेंट. कीर्शच्या सूत्राची त्या 5 मिलिमीटरवरची सरासरी येते 163. खरं उत्तर 240! एलिमेंट अर्धा केला, अडीच मिलिमीटर, तर 190. सव्वा मिलिमीटरला 211. त्याच्याही अर्ध्याला 224. प्रत्येक वेळी आकडा वर चढतोय आणि अजून 240 गाठलेलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये नेमके हेच आकडे येतील असं नाही, जाळी कशी बसलीय त्यावर थोडं इकडेतिकडे होईल, पण चाल हीच राहील. उलट माझा हिशोब उदार आहे. हा चार नोडांचा टेट्रा वाकवायला गेलं की मुळात असायला हवा त्यापेक्षा ताठर वागतो, आणि पातळ पत्र्याच्या जाडीत असा एकच थर असेल तर ताण आणखी कमी दाखवतो.

आता तीच 5 मिलिमीटरची जाळी, फक्त एलिमेंटची जात बदलू. दहा नोडांचा टेट्रा घेऊ, ज्याच्या प्रत्येक कडेच्या मध्यावरही एक नोड असतो. याच्या पोटात ताण सपाट नसतो, उतरता असू शकतो. खाचराला ढाळ दिल्यासारखं. तशीच उदार मोजणी केली तर कडेला येतात 215. जाळी अर्धी केली की 231, आणखी अर्धी केली की 237. सपाट एलिमेंटला तीन वेळा अर्धं करूनही जे जमत नाही, ते हा दुसऱ्याच खेपेला ओलांडतो. जातीचा फरक हा असा असतो. `C3D4` आणि `C3D10` ही नावं इनपुट फाइलमध्ये एकाखाली एक लिहिली तर टायपिंगची चूक वाटावी इतकी सारखी दिसतात, पण एकाने 163 म्हटलं असतं आणि दुसऱ्याने 215.

आता माझी गोष्ट.

2003 सालची. मी नवी होते, पण सही करण्याइतकी जुनी. गाडीच्या खाली बसणारा एक ब्रॅकेट होता, त्याचा गाभा म्हणजे वर सांगितलेली पट्टी आणि भोकच. चार नोडांचे टेट्रा, 5 मिलिमीटर, कारण "स्टँडर्ड". कमाल ताण साधारण 160 आला. वारंवार येणाऱ्या भारासाठी आमची मर्यादा होती 180. पास! मी विचारलं होतं, एकदा जाळी बारीक करून बघू का? उत्तर तेच, क्लायंटने मागितलंय का. मी सही केली.

गाड्या चाचणीला गेल्या आणि काही आठवड्यांत ब्रॅकेटला चिरा पडल्या. भोकाच्या कडेपासून, ओढीच्या दिशेला काटकोनात, जिथे कीर्शने शंभर वर्षांपूर्वी बोट ठेवलं होतं तिथेच. मीटिंग झाली. पडद्यावर माझा रंगीत ब्रॅकेट लागला. ॲनालिसिस म्हणतंय सेफ, मग चूक कुणाची? उत्तर सोपं होतं. ब्रॅकेट बनवणारा एक छोटा वेंडर होता, शेडमध्ये दोन प्रेस आणि दहा-बारा माणसं. त्यांना सांगितलं, तुमचं मटेरियल खराब. ते गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे. टेस्ट सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठल्याही लॅबमधून करून घ्या ना टेस्ट, खर्च मी देतो." टेस्ट कुणी केली नाही. सगळ्या लॉटचे पैसे त्यांच्या बिलातून कापले गेले.

पंधरा दिवसांनी एका शनिवारी मी एकटी बसून भोकाभोवती जाळी बारीक केली. 190 आले. मर्यादा 180. म्हणजे एकदाच, फक्त एकदाच अर्धी केली असती तरी रिपोर्टने "नापास" म्हटलं असतं. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "आता उकरून काय मिळणार?" पैसे परत गेले नाहीत. मीही पुढे आवाज चढवला नाही. साहेबांचा राग मला येतो, पण त्या रिपोर्टवर सही माझी होती.

कुणी म्हणेल, छोट्या ब्रॅकेटचं काय एवढं. तर मोठं उदाहरण सांगते. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत 23 ऑगस्ट 1991 ला स्लाइप्नर ए नावाच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा अवाढव्य पाया चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवत होते. चोवीस गोल कोठ्या एकमेकांना चिकटून, आणि जिथे तीन कोठ्या भेटतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी. त्या पोकळीतल्या भिंतींवर एका बाजूने पाण्याचा पूर्ण दाब. पाया सुमारे 65 मीटर खोल गेला असताना भिंत फुटली आणि सगळा डोलारा खाडीच्या तळाशी गेला. कोणी दगावलं नाही, पण नुकसान साधारण 70 कोटी डॉलर्सचं. चौकशीत निघालं की त्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर जाळी ओबडधोबड आणि वेड्यावाकड्या एलिमेंटांची होती, आणि तिने कातरणारा ताण 47 टक्क्यांनी कमी दाखवला होता. भिंत त्या आकड्यावर बेतली. त्यात सळ्यांची टोकं जिथे अडकवायची तिथली रचनाही अपुरी होती, हेही खरं. नंतर नीट जाळीने गणित केलं तर उत्तर आलं: भिंत 62 मीटरला फुटेल. तीन मीटरांचा फरक! म्हणजे पद्धत खोटी नव्हती. तिला नीट विचारलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं.

तर माझं भांडण कॉम्प्युटरशी नाही, "स्टँडर्ड मेश साइझ" या शब्दाशी आहे. 5 मिलिमीटर हा आकडा कशाच्या तुलनेत? 100 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणाला 5 पुष्कळ झाले. 10 मिलिमीटरच्या भोकाला ते अर्धी त्रिज्या होतात, आणि 3 मिलिमीटरच्या गोलाईवर तर एलिमेंट गोलाईपेक्षाच मोठा. जाळी वस्तूच्या सर्वात छोट्या महत्त्वाच्या वळणाच्या मापाने ठरते, ऑफिसच्या भिंतीवर लावलेल्या कागदाने नाही.

दुसरं भांडण त्या गुळगुळीत रंगांशी. शेजारच्या दोन एलिमेंटांनी एकाच नोडवर वेगवेगळे ताण सांगितले, समजा एकाने 163 आणि दुसऱ्याने 105, तर सॉफ्टवेअर चित्र काढताना त्यांची सरासरी घेतं आणि रंग छान एकमेकांत मिसळून टाकतं. म्हणजे ज्या खडबडीतपणावरून जाळी वाईट आहे हे कळलं असतं, तोच इस्त्री करून नाहीसा होतो. यावर उपाय एका क्लिकचा आहे. सरासरी बंद करायची. मग चित्रात गोधडीचे ठिगळ दिसले, शेजारशेजारच्या तुकड्यांचे रंग एकदम उडी मारताना दिसले, तर समजावं की इथला आकडा अजून कच्चा आहे. मी भाच्याला फोनवरच करायला लावलं. दोन मिनिटं शांतता. मग, "आत्या, हे तर भलतंच दिसतंय."

आता "वेळ नाही" या मुद्द्याचं. तो अगदी खोटा नाही. सगळी जाळी सरसकट अर्धी केली तर तिन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे आठपट एलिमेंट होतात, आणि मॉडेल रात्रभर चालतं. पण सरसकट करायला कोण सांगतंय? शिखर भोकाभोवती आहे, तिथेच बारीक करा. बाकीचा ब्रॅकेट होता तसा राहू दे. त्या रात्री भाच्याने दहा नोडांचे टेट्रा घेऊन फक्त भोकाभोवती जाळी दोनदा अर्धी केली. दीड तासात झालं.

आणि मग त्याने मला कोड्यात टाकणारा प्रश्न विचारला, जो विचारल्याबद्दल मला त्याचा अभिमान वाटला. "भोकाचा आकडा थांबला गं, पण इथे आतल्या कोपऱ्यात बघ. आधी 150 होता, मग 206, आता 282. हा तर वाढतच चाललाय. अजून बारीक करू?"

नको. इथे "जाळी बारीक कर" हा मंत्र जपणारेही तोंडावर पडतात. त्याने तो आतला काटकोन अगदी धारदार काढला होता, गोलाई शून्य. अशा कोपऱ्यात सिद्धांताप्रमाणे ताण अनंत असतो. त्यामुळे जाळी अर्धी केली की आकडा दर वेळी साधारण 37 टक्क्यांनी चढतो आणि कधीच थांबत नाही. 282 नंतर 387, त्यानंतर आणखी वर. यातला कुठलाच आकडा खरा नाही, कारण मॉडेलमधला तो कोपराच खरा नाही. कारखान्यात बनलेल्या कोपऱ्याला काहीतरी गोलाई असतेच. ती ड्रॉइंगवरून मॉडेलमध्ये घाला आणि मग बारीक करा, आकडा शहाण्यासारखा थांबतो. तिथे वेल्ड असेल तर कोपऱ्यातला आकडा वाचायचाच नाही. वेल्डच्या कडेपासून पत्र्याच्या जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावरचे ताण घेऊन रेषा कडेपर्यंत वाढवायची, अशी ठरलेली पद्धत आहे, आणि तिच्यात जाळी कशी हवी हेही बांधून दिलेलं असतं.

म्हणूनच एका जाळीवरचा एक आकडा मला उत्तर वाटत नाही. भोकाचे 163 आणि कोपऱ्याचे 150 हे पहिल्या जाळीत शेजारीशेजारी बसलेले दोन सज्जन दिसतात. एक खऱ्यापेक्षा खूप कमी आहे आणि दुसऱ्याला काही अर्थच नाही, हे दुसरी आणि तिसरी जाळी केल्याशिवाय कुणाच्या बापाला कळणार नाही. वाढीचे टप्पे लहान होत गेले तर आकडा कुठेतरी पोचतोय. टप्पे मोठेच होत राहिले तर मॉडेलमध्ये धार राहिलीय.

एवढं सगळं करूनही भार चुकीचा धरला असेल किंवा बोल्टच्या जागी दगडी पकड दाखवली असेल तर उत्तर चुकेलच. जाळी त्याची जबाबदारी घेत नाही. ती एवढंच सांगते की तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं गणित पुरं झालं की अर्धवट राहिलं. पण निदान तेवढं तरी सांगायला नको का?

माझी मागणी फार नाही. ज्या पानावर लाल ठिपका आहे त्याच पानावर तीन ओळी लिहा: एलिमेंट कुठल्या जातीचा, ठिपक्यापाशी त्याचा आकार किती, आणि जाळी अर्धी केल्यावर आकडा कितीने बदलला. पाच टक्क्यांच्या आत बदलला असेल तर मी पुढचं पान वाचते. तिसरी ओळ नसेल तर "सेफ" हा शब्द खोडा. क्लायंटने मागितलंय का म्हणे! क्लायंटला ते मागायचं असतं हे माहीत असतं तर त्याने तुम्हाला पैसे कशाला दिले असते?

भाच्याने सरांना नवा रिपोर्ट दिलाय. भोकापाशी मर्यादेच्या वर जातोय, म्हणून पत्रा दोन मिलिमीटरने जाड करावा लागेल. सर नाराज आहेत, डेट पुढे गेली. त्याने विचारलं, "चुकलं का गं माझं?"

मी त्याला त्या फाइल छातीशी धरलेल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. आजवर घरात कुणालाच सांगितली नव्हती, आज इथे लिहून टाकली. ते आता असतील-नसतील, माहीत नाही. मटेरियल चांगलं होतं, काका. जाळी माझी वाईट होती.